अळवावरचं पाणी आणि माझं जॅकेट

मागच्या सप्टेंबरात पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगड उतरून खाली आले, तेव्हा जॅकेटच्या आतला टीशर्ट पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. सहा पावसाळे अंगावर काढलेलं जॅकेट. पहिली दोन वर्षं पावसाचे थेंब त्यावर पडले की मोत्यांसारखे घरंगळून जायचे. आता तसं होत नव्हतं. खांदे, पाठ आणि बाह्या पाणी पिऊन काळपट पडल्या होत्या, कापड अंगाला गार चिकटत होतं आणि जॅकेट हातात धरलं तर नेहमीपेक्षा बरंच जड लागत होतं. आमच्या ग्रुपमधल्या दादानं बाही चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, "अगं, गेलं हे. सहा वर्षं पुष्कळ झाली. नवीन घेऊन टाक."

मी नवीन घेतलं नाही. मे महिन्यात चार-पाच दिवस काढून ते धुतलं, त्याला इस्त्रीची ऊब दिली आणि जिथे गरज होती तिथेच नवा जलरोधक थर दिला. प्रत्येक टप्प्यानंतर कापडावर पाणी टाकून बघितलं, त्यामुळे कशानं किती फरक पडला हे मला नेमकं कळलं. ते सगळं इथे लिहितेय.

आधी हे जॅकेट कसलं आहे ते सांगते. दुकानात मिळणारा जाड, रबरी वासाचा रेनकोट वेगळा. त्याचं प्लॅस्टिकच पाणी अडवतं, त्याला यातलं काही लागत नाही. माझं जॅकेट तीन पदरी आहे. बाहेर नायलॉनचं कापड, मध्ये अतिशय पातळ पडदा, ज्याला मेम्ब्रेन म्हणतात, आणि आतून तो झिजू नये म्हणून बारीक जाळीचं अस्तर, असे तिन्ही पदर एकमेकांना चिकटवलेले. पाऊस अडवण्याचं खरं काम मधला पडदा करतो आणि घामाची वाफ बाहेर जायची तीही त्यातूनच. बाहेरच्या नायलॉनवर कारखान्यातच एक अदृश्य थर दिलेला असतो. त्याच्यामुळे पाणी कापडात न मुरता थेंब होऊन घसरतं. हा थर दुबळा झाला की नायलॉन पाणी पितं. पडदा तरीही पाऊस आत येऊ देत नाही, पण त्याच्या बाहेर ओल्या कापडाची गोधडी पांघरल्यासारखं होतं. वाफेला बाहेर जायला वाट उरत नाही, ती आतल्या गार पृष्ठभागावर पाणी होऊन साठते आणि आपल्याला वाटतं जॅकेट गळतंय.

म्हणजे माझा टीशर्ट पावसानं भिजला होता की घामानं, हा पहिला प्रश्न होता. पडदाच फाटला असेल किंवा शिवणींवरची आतली पट्टी सुटली असेल, तर धुऊन काही मिळणार नव्हतं. म्हणून जॅकेट पूर्ण वाळल्यावर आधी ते उलटं करून उजेडात धरलं. पट्ट्या सगळीकडे घट्ट होत्या, अस्तराला कुठे फुगे किंवा सुरकुत्या नव्हत्या. मग एका पातेल्याच्या तळाशी कोरा वर्तमानपत्राचा कागद ठेवला, त्यावर जॅकेटचा खांदा बाहेरची बाजू वर येईल असा खळगा करून बसवला आणि त्या खळग्यात फुलपात्रभर पाणी ओतलं. अर्ध्या तासानं पाणी काढून टाकलं. वरचं नायलॉन गच्च भिजलं होतं, कागद मात्र कोरडा ठक्क. पाठीवर आणि एका शिवणीवर हेच केलं, तिथेही कागद कोरडाच राहिला. पडदा शाबूत होता. हरिश्चंद्रगडावर मला पावसानं भिजवलं नव्हतं, माझ्याच घामानं भिजवलं होतं.

थर नेमका कशामुळे दुबळा झाला, हे मला आईच्या अळूच्या पानानं समजावलं. आई अळूवड्यांसाठी पानं पुसत बसली होती. मी एक पान मागून घेतलं. नळाखाली धरलं तर पाण्याच्या गोळ्या होऊन घसरल्या, पान कोरडं. मग भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात मिसळले आणि ते पाणी पानावर सोडलं. ते लगेच पसरलं आणि पान ओलं झालं. पान तेच होतं, वरचं मेणही तेच होतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरणारं असतं आणि दुसरं तेलाला, मेणाला. तेलाचं टोक पानावर टेकतं, पाण्याचं टोक बाहेर राहतं आणि पाण्याला पानावर पसरायला हात मिळतो.

जॅकेटवर मी सहा वर्षं हेच करत आले होते. दर पावसाळ्यानंतर ते बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये, घरातलीच पावडर घालून आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य टाकून धुतलं होतं. ते द्रव्य मुळात कापडावर चिकटून राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. पावडरही पूर्ण निघत नाही. त्यात टोपीच्या आतल्या कडेला आणि कॉलरला केसांचं खोबरेल, बाह्यांच्या टोकांना सनस्क्रीन. साबणाचा राप पाण्याला कापडात ओढून घेतो आणि तेल मूळ थराला झाकून टाकतं. मूळ थर खाली असला तरी त्याच्यावर हे सगळं बसलेलं.

काम सुरू करण्याआधी मोजायला काहीतरी हवं होतं. कापडाच्या प्रयोगशाळेत यासाठी एक साधी चाचणी असते. कापड गोल चौकटीत ताणून ४५ अंशांत तिरकं ठेवतात आणि १५ सेंटिमीटर वरून फवाऱ्यानं २५० मिलिलिटर पाणी त्यावर पाडतात. मग चौकट आपटून सुटे थेंब झाडतात आणि कापड किती ओलं झालं ते नमुना-चित्रांशी ताडून गुण देतात. अजिबात ओलं न झालेल्याला १००, सगळं भिजलेल्याला शून्य. मी आईची कशिदाकामाची रिंग घेतली. जॅकेट तीन पदरी असल्यामुळे ती घट्ट बसेना, म्हणून कापड हलकंच ताणून रिंग सैल आवळली आणि ओट्यावर पोळपाटाला तिरकी टेकवली. कुंड्यांची छोटी झारी आणि मोजायचा कप घेऊन चार जागी पाणी टाकलं. छातीवर विखुरलेले ओले डाग पडले. पाठीवर अर्धं वर्तुळ भिजलं. बाहीच्या टोकाला सगळं भिजलं. खांद्यावर, जिथे सॅकचा पट्टा घासतो, तिथे पाणी पडताक्षणी कापड काळं पडलं. प्रत्येक जागेचा एकाच उजेडात फोटो काढून ठेवला. घरातली झारी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, पण आधी-नंतरची तुलना करायला ती पुरते.

आता धुलाई. आमचं मशीन वरून कपडे टाकायचं आहे आणि त्याच्या पुस्तिकेत जलरोधक कपडे टाकू नका असं स्पष्ट लिहिलंय. कारण खरं आहे. पाणी आरपार जात नसलेल्या कापडात पिळताना पाणी फुग्यासारखं अडकतं, तोल जातो आणि ड्रम आदळायला लागतो. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांचं चक्र आणि मंद पिळणी लावून धुता येतं, पण आधी साबणाचा खण बाहेर काढून गरम पाण्यानं घासावा लागतो. तिथे साचलेली पावडर आणि सुगंधी द्रव्य नाहीतर पुन्हा जॅकेटवरच येतं. मी बादलीचा मार्ग धरला. बादली आणि मगही आधी साध्या गरम पाण्यानं धुऊन घेतले.

खिसे रिकामे केले. सगळ्या चेन लावल्या, बाह्यांचे वेल्क्रो बंद केले, कारण उघड्या वेल्क्रोचे काटे नायलॉन खरवडतात. टोपीच्या दोऱ्या सैल सोडल्या. धुण्यासाठी जलरोधक कपड्यांचा खास द्रव साबण आणला होता, ट्रेकिंगचं सामान मिळतं तिथे मिळतो. त्याचा फायदा एवढाच की तो पूर्ण निघून जातो, मागे राप ठेवत नाही. सुरुवातीला टोपीची कड, कॉलर आणि बाह्यांची टोकं फक्त ओली करून त्यावर तो साबण थेट लावला, मऊ दातघासणीनं हलक्या हातानं चोळला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. मग बादलीत आठ-नऊ लिटर कोमट पाणी, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपत, त्यात लेबलवर लिहिल्याप्रमाणे साबण. जॅकेट बुडवून दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पिळायचं नाही, आपटायचं तर अजिबात नाही. पिळल्यानं पदर एकमेकांपासून सुटतात आणि शिवणींच्या पट्ट्यांवर ताण येतो. पाच मिनिटांत पाणी चहासारखं झालं.

इथे एक चूक झाली. मे महिन्यात आमच्या सोसायटीत वापरायला बोअरचं आणि टँकरचं पाणी असतं, आणि ते चांगलंच जड आहे. फेस नीट होईना. पाण्यावर पांढरट, फाटलेल्या दुधासारखे कण तरंगायला लागले. हे साबणावर आधारलेलं धुण्याचं द्रव्य होतं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम साबणाशी जोडलं जाऊन न विरघळणारा साका तयार होतो. तो साका कापडाच्या विणीत बसतो आणि मळही धरून ठेवतो. वाळल्यावर काळ्या बाह्यांवर राखेसारखी झाक दिसत होती. म्हणजे एक राप काढायला जाऊन मी दुसरा बसवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेचं पिण्याचं पाणी येतं तेव्हा दोन बादल्या आणि एक पिंप भरून ठेवलं. पुण्याचं धरणाचं पाणी मऊ आहे, त्यात साबणाला लगेच फेस आला. सगळं पुन्हा केलं. यावेळी पाणी गढूळ झालं पण कण दिसले नाहीत. मग खळबळणं. एकदा, दोनदा, असं सहा वेळा. शेवटच्या पाण्यात ओंजळभर पाणी घेऊन जोरात हलवलं, बुडबुडे आले नाहीत तेव्हा थांबले. तुमच्याकडे फक्त जड पाणी असेल तर साबण थोडा जास्त लागतो आणि शेवटची दोन खळबळणी तरी आरओ गाळणीयंत्राच्या मऊ पाण्यात करावीत. जॅकेट न पिळता जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि रुंद हँगरवर सावलीत टांगलं. उन्हात घालू नका. मे महिन्याचं ऊन पुढच्या टप्प्याला लागणाऱ्या उष्णतेइतकं तापवत नाही आणि त्यातले अतिनील किरण नायलॉनला कमकुवत मात्र करतात.

वाळल्यावर रिंग पुन्हा लावली. छातीवर पाणी जवळजवळ सगळं घसरलं, दोनचार टिंबं उरली. पाठीवर ओला भाग अर्ध्यावरून कडेच्या पट्टीपर्यंत आला. बाहीच्या टोकावर थेंब व्हायला लागले, पण चपटे, आळसावलेले. खांदा जसा होता तसाच. अजून एक थेंबही नवं द्रव्य लावलं नव्हतं. इथे मला दादाचा सल्ला आठवला. त्याच्या सांगण्यावरून बऱ्याच जणांनी जॅकेटं टाकून दिलीत, आणि त्यातली काही नुसत्या नीट धुण्यानं चालली असती, असं मला आता मनापासून वाटतं. काहीजण तर न धुताच वरून फवारा मारतात. त्यानं मळ आणि साबणाचा राप नव्या थराखाली बंद होतो, थर कापडाला धरत नाही आणि दोन पावसांत निघून जातो.

पुढचा टप्पा उष्णतेचा. हा थर म्हणजे कापडाच्या धाग्यांवर उभ्या असलेल्या अतिसूक्ष्म केसांसारखा असतो, गवताच्या लॉनसारखं समजा. केस उभे असले की थेंब त्यांच्या टोकांवर तोलला जातो. घासण्यानं, घडी करण्यानं, धुण्यानं ते आडवे पडतात. मंद उष्णतेनं त्यांच्यात हालचाल येते आणि ते परत उभे राहतात. जे केस झिजून गेलेत ते उष्णतेनं उगवत नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

ज्यांच्याकडे कपडे सुकवायचं यंत्र आहे ते कमी उष्णतेवर, जॅकेट सुकल्यानंतर आणखी वीसेक मिनिटं फिरवतात. आमच्याकडे नाही, त्यामुळे इस्त्री. आधी जॅकेटच्या आतल्या शिवणीतलं लेबल वाचलं. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब होतं. एक टिंब म्हणजे इस्त्रीचा तळ जास्तीत जास्त ११० अंश सेल्सिअस. चित्रावर फुली असती तर मी इस्त्री लावलीच नसती. इस्त्रीतलं पाणी ओतून टाकलं, वाफेचं बटण बंद केलं. वाफ नको, कारण ती जिथे पोचते तिथे पदरांचा गोंद सैल होऊ शकतो. बटण सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवलं, तापल्यावर पाच मिनिटं थांबले, कारण बहुतेक इस्त्र्या सुरुवातीला ठरल्यापेक्षा जास्त तापतात आणि मग खाली येतात.

पलंगावर चादर, त्यावर पूर्ण वाळलेलं जॅकेट बाहेरची बाजू वर करून, आणि मध्ये पातळ सुती पंचा. पहिला प्रयोग मागच्या खालच्या कडेला, जिथे काही बिघडलं तरी दिसणार नाही. दहा सेकंद हळू फिरवून पंचा उचलला, कापडाला चमक आली नव्हती, चिकटत नव्हतं, वर हात ठेवला तर ताज्या पोळीच्या डब्यासारखं ऊबदार लागत होतं. मग हळूहळू सगळीकडे. इस्त्री एका जागी ठेवली नाही, दाबली नाही, नुसती सरकवली. चेनच्या पट्ट्या, वेल्क्रो आणि छातीवरचा छापलेला चमकदार शिक्का यांच्या जवळ गेले नाही. शिक्के उष्णतेनंच चिकटवलेले असतात, ते उष्णतेनंच सुटतात. शिवणींवरून फक्त झरकन एक हात. सगळ्याला अर्धा तास लागला. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई करून बटण पुढे सरकवण्याचा मोह टाळायलाच हवा. नायलॉन एकदा वितळून चकाकलं की ते परत येत नाही.

तिसऱ्या चाचणीच्या वेळी आईही बघायला आली. छातीवर पाणी पडत होतं आणि गोळ्या होऊन ओट्यावर टपटपत होतं. रिंग आपटली तर कापड कोरडं. पाठही तशीच, एका कोपऱ्यात दोन टिंबं. बाहीच्या टोकावरचे थेंब आता गोल झाले. "अगदी अळवासारखं गं," आई म्हणाली. खांद्यावर मात्र पट्ट्याच्या रुंदीइतकी जागा अजूनही पाणी पीत होती, आणि कमरेवर सॅकचा पट्टा बसतो तिथेही तसंच. बोट फिरवलं तर तिथलं नायलॉन किंचित लवदार, पिसारलेलं लागत होतं. तिथले केस झिजले होते.

म्हणून नवं द्रव्य फक्त या जागांनाच द्यायचं ठरवलं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक पाण्यात मिसळून सगळं जॅकेट बुडवायचा, दुसरा फवाऱ्याचा. बुडवायचा प्रकार सगळीकडे सारखा बसतो, पण तो आतल्या बाजूलाही बसतो. जॅकेटला आत सुटं, घाम टिपणारं अस्तर असेल तर तेही पाणी झटकायला लागतं आणि घाम अंगावरच राहतो. माझं तीन पदरी असल्यामुळे ती अडचण तितकी नव्हती, पण जे भाग चांगले आहेत त्यांना उगीच का द्यायचं? मी फवारा घेतला, फ्लोरिनविरहित.

फ्लोरिनबद्दल थोडं. जुन्या जॅकेटांवरचे थर फ्लोरिनयुक्त रसायनांचे असायचे. ते पाणीच नव्हे तर तेलही झटकत. पण ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठतात. त्यांतल्या पीएफओए या रसायनाचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला आणि कपड्यांतून ही सगळीच जमात हळूहळू बाहेर पडतेय. नव्या थरांची एक मर्यादा आहे, तेल त्यांना झटकता येत नाही. टोपीला लागलेलं खोबरेल आणि बाहीला लागलेलं सनस्क्रीन त्यात मुरतं. ही मर्यादा मला मान्य आहे. माझ्या जॅकेटवरून झिजलेलं जे काही आहे ते भंडारदऱ्याच्या पाण्यात जाऊन कायम राहावं असं मला वाटत नाही. पण त्यामुळे जॅकेट जास्त वेळा धुवावं लागतं, हे धरून चालायला हवं.

बाटलीवर ओलसर कापडावर मारा असं लिहिलं होतं. खांदे आणि कंबर साध्या मऊ पाण्यानं ओली केली, टॉवेलनं टिपली. बाल्कनीत टांगलं, नाकाला रुमाल बांधला आणि खाली वर्तमानपत्र पसरलं, कारण हे द्रव्य फरशीवर पडलं तर फरशी निसरडी होते. वीतभर अंतरावरून एकसारखं मारलं, कापड दुधाळ ओलं दिसेपर्यंत. दोन मिनिटं थांबून ओल्या फडक्यानं जास्तीचं पुसून घ्यायचं असतं. डाव्या खांद्यावर मी ते नीट केलं. उजव्या खांद्यावर फोन आला म्हणून राहून गेलं, आणि वाळल्यावर तिथे पांढरे ओघळ दिसायला लागले. ते ओलं फडकं आणि थोड्या कोमट पाण्यानं पुसले तेव्हा गेले. दोन्ही खांदे आणि कंबर मिळून साधारण चाळीस मिलिलिटर खर्च झालं असेल. एक रात्र सुकवून पुन्हा त्याच जागांवर पंचा ठेवून हलकी इस्त्री. काही द्रव्यांना उष्णता लागते, काहींना लागत नाही, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. माझ्या बाटलीवर उष्णतेनं जास्त टिकतं असं होतं.

चौथ्या चाचणीत खांद्यावर पाणी घसरलं. छातीइतकं झटकन नाही, थेंब थोडे पसरट होते, पण कापड काळं पडलं नाही.

जूनच्या शेवटी गुंजवण्यातून राजगडाला गेलो. चोर दरवाजाच्या खालच्या कातळापाशी पोचेपर्यंत पाऊस सलग होता. पहिला दीड तास खांद्यांसकट सगळं कोरडं. दुसऱ्या तासाअखेर सॅकच्या पट्ट्यांखालचं कापड पुन्हा काळं पडायला लागलं, पद्मावती माचीवर पोचेपर्यंत दोन्ही खांद्यांवर पट्ट्याच्या आकाराच्या ओल्या खुणा होत्या. सततचा दाब आणि घर्षण कुठल्याही थराला पुरून उरतं, घरगुती फवाऱ्याला तर नक्कीच. पण छाती, पाठ, टोपी आणि बाह्या शेवटपर्यंत थेंब झटकत होत्या. जॅकेट हलकं राहिलं आणि थांबल्यावर अंगाला गार चिकटलं नाही.

आतून मी पूर्ण कोरडी होते का? नाही. चढावर पाठ ओली झालीच. वाफ पडद्यातून बाहेर जाते ती आत दमट-गरम आणि बाहेर कोरडं-गार असा फरक असेल तर. जुलैच्या सह्याद्रीत बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते, फरक फार थोडा उरतो. थर कितीही चांगला असला तरी तो हा फरक निर्माण करत नाही. चढताना काखेतल्या चेन उघडणं आणि पाऊस रिमझिम असेल तेव्हा जॅकेट काढून सॅकमध्ये ठेवणं, यानं मला जास्त आराम पडला.

प्रत्येक ट्रेकनंतर आता मी ते साध्या मऊ पाण्यातून काढते आणि पंख्याखाली टांगते. सॅकमध्ये कोंबून ठेवत नाही. ऑगस्टच्या मध्यावर, सात ट्रेकनंतर, टोपीच्या कडेला पाणी मुरायला लागलं. खास साबणानं धुतलं आणि पंचा ठेवून इस्त्री फिरवली, नवा फवारा मारला नाही. टोपी आणि पाठ पूर्ववत झाली. खांद्यांना मात्र पुन्हा द्यावं लागणार आहे, ते पुढच्या मे महिन्यात.

दादाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो त्याचं जुनं जॅकेट घेऊन आला. तीन-चार वर्षं गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलं होतं. मी ते उलटं केलं तर आतून पांढरे पापुद्रे निघून हाताला चिकटले, आणि शिवणींच्या पट्ट्या कांद्याच्या सालीसारख्या उचलल्या जात होत्या. त्याचा आतला लेप पॉलियुरेथेनचा होता, आणि उष्ण, दमट हवेत कोंडून राहिलं की पॉलियुरेथेन असंच चिकट होऊन सुटतं. पातेल्याची चाचणी केली, पाच मिनिटांत कागद ओला झाला. "याला नाही काही करता येणार, दादा," मी म्हणाले. त्यानं जॅकेट परत पिशवीत भरलं आणि विचारलं, "बायकोचं आहे कपाटात टांगलेलं. उद्या आणू?" आणलं. त्याची शिवण आतून घट्ट आहे, कागद कोरडा राहिला. कॉलरवर खोबरेलाचा राप आहे आणि ते सध्या माझ्या बादलीत भिजतंय.